पंधरा सेकंदांचा सांधा

गेल्या पावसाळ्यात ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या गाडीत, ऐरोली सुटल्यावर, शेजारच्या मुलीच्या मोबाईलवर एकच गाणे सारखे वाजत होते. डब्यात ओल्या छत्र्यांचा आणि ओल्या कपड्यांचा वास कोंडलेला होता, खिडक्या बंद होत्या, आणि तेवढ्या जागेत ते गाणे गोल गोल फिरत होते. एरवी असे फिरणारे गाणे कानावर आले की दर काही सेकंदांनी एक बारीकसा धक्का बसतो; शेवट आणि सुरुवात यांच्यामधली ती फट मन आपोआप मोजू लागते आणि मग गाण्यापेक्षा ती फटच जास्त ऐकू येते. या गाण्यात मात्र ती फट मला सापडेना. भाषा माझ्या ओळखीची नव्हती, त्यामुळे अर्थाचा आधार नव्हता. नुसत्या आवाजावरून मी सुरुवात शोधत होते. एकदा वाटले की ती इथे आहे, पुढच्या फेरीला वाटले की छे, ती तर तिथे होती. रबाळे गेले, घणसोली आले, मुलगी फोन पिशवीत टाकून उतरून गेली, आणि गाणे कुठे सुरू होते हा प्रश्न माझ्याकडेच राहिला.

तो प्रश्न एरवी दोन दिवसांत विरून गेला असता. पण त्याच आठवड्यात कोपरखैरण्याला राहणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून नाच बसवतात आणि त्याचे छोटे व्हिडिओ करतात. तिला पावसावरचे, छत्री घेऊन नाचता येईल असे, पूर्णपणे आपले म्हणता येईल असे ध्रुवपद हवे होते. "मावशी, पंधरा सेकंदांचंच लिही. पण असं लिही, की संपलं हे कळायला नको," असे ती म्हणाली. गाडीत मी जे शोधत होते, नेमके तेच तिने मागितले होते.

मी आजवर जी गीते लिहिली ती मुखडा आणि तीन अंतरे या घाटाची. त्या घाटात ध्रुवपद हे घरासारखे असते; अंतरा फिरून येतो आणि ध्रुवपदाच्या उंबऱ्यात शिरताना त्याला बरे वाटते. इथे बाहेर जाणेच नव्हते. फक्त ध्रुवपद, आणि त्याच्यामागे पुन्हा तेच ध्रुवपद. अशा वेळी गीतकाराला सवयीने जो शेवट लिहावासा वाटतो, म्हणजे चौथ्या ओळीत आशय मिटवून टाकणारा ठसठशीत शब्द, तोच नेमका अडसर ठरतो. मिटलेली ओळ लगेच पुन्हा उघडली की ऐकणाऱ्याला ते खोटे वाटते. म्हणून पहिला निर्णय असा घेतला, की चौथी ओळ पूर्ण होऊ द्यायची नाही. तिचे उरलेले वाक्य पहिल्या ओळीत पूर्ण व्हायला हवे.

पण शब्दांच्या आधी मात्रा मोजाव्या लागल्या. कळव्याला एक तरुण संगीत संयोजक राहतो. त्याच्या घरातल्या छोट्या खोलीतच त्याचा स्टुडिओ आहे आणि रेल्वेमार्ग इतका जवळ आहे, की ध्वनिमुद्रण रात्री उशिरा, दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत उरकावे लागते. भाचीने नाचाच्या सरावाच्या सवयीने मिनिटाला १२० मात्रांची लय सांगितली होती. त्याने ती ऐकली आणि मान हलवली. पंधरा सेकंद म्हणजे मिनिटाचा चौथा भाग, तेव्हा १२० च्या लयीत ३० मात्रा मिळतात. केरवा हा ताल आठ मात्रांचा. तीन आवर्तनांत २४ मात्रा झाल्या की सहा उरतात आणि चौथे आवर्तन दोन मात्रांनी अपुरे पडते. "ताई, दर फेरीला नाचणारीचा पाय हवेत राहील," तो म्हणाला. त्याने टेबलावर बोटांनी तसे वाजवून दाखवले, आणि खरोखरच चौथ्या आवर्तनाच्या शेवटी पुढची सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, दोन मात्रा आधीच अंगावर आली. लय १२८ केली की ३२ मात्रा होतात आणि केरव्याची चार आवर्तने काठोकाठ बसतात. ९६ ची लय घेतली असती तर २४ मात्रांत केरव्याची तीन किंवा सहा मात्रांच्या दादऱ्याची चार आवर्तने बसली असती आणि दादऱ्याचा झोका पावसाला शोभलाही असता. पण छत्री घेऊन नाचणाऱ्या चार मुलींना ती लय संथ पडत होती. शेवटी १२८ वर शिक्कामोर्तब झाले.

या पंधरा सेकंदांचा आता कोणी आग्रह धरत नाही. २०२० साली इन्स्टाग्रामने रील्स आणल्या तेव्हा पंधरा सेकंद ही मर्यादाच होती. पुढे ती वाढत गेली. १२० ची लय ठेवून सोळा सेकंदांचा तुकडा करणेही शक्य होते आणि संयोजकाने तो पर्याय पुढे ठेवलाही होता. तरी मला पंधराच हवे होते. जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत आणि त्या तीन मिनिटांनी गाण्याला एक शिस्त लावली. माध्यमाने आखून दिलेल्या जागेत लिहिण्याबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. शिवाय चार आवर्तने, म्हणजे चार ओळी, आणि प्रत्येक ओळीला आठ मात्रा, हे गणित समोर आले तेव्हा मी चमकले. ही तर आपली अष्टाक्षरी. जात्यावर, पाळण्याशी, शाळेच्या पुस्तकात जिच्या चालीवर आपली जीभ वळली, ती आठ अक्षरांची ओळ १२८ च्या लयीत पावणेचार सेकंदांची होते.

त्या आनंदात पहिला खर्डा सहज उतरला.

उघड छत्री, आला रे
अर्धी तुझी, अर्धी माझी
मिटू नको ना, थांब ना
गेला गेला, पुन्हा आला

आशयाचे वर्तुळ यात होते. पाऊस जातो, पुन्हा येतो, म्हणून छत्री उघडायची. चौथ्या ओळीचे कारण पहिल्या ओळीच्या कामाला जाऊन मिळते. कागदावर मला ते सुरेख वाटले. संयोजकाने साधी चाल लावून ते स्वतःच गायले, दोनदा जोडून, आणि सांध्यावर जे ऐकू आले ते असे: "आलौघड". शेवटचा 'आ' आणि सुरुवातीचा 'उ' एकमेकांत शिरले होते. संस्कृतात ज्याला संधी म्हणून आपण नियमाने शिकतो, ती गाणाऱ्याच्या घशात नियम न विचारता होते. दोन ओळी कागदावर एकीखाली एक असतात तेव्हा शेवटच्या आणि पहिल्या अक्षराची भेट कधीच होत नाही. चक्रात मात्र ती दर पंधरा सेकंदांनी होते. चौथ्या ओळीच्या आतही 'पुन्हा आला'चे 'पुन्हाला' होत होते, कारण तिथे तर दोन्हीकडे 'आ'च होता.

तेव्हा ओळ उलटी केली: 'छत्री उघड, आला रे'. आता सांध्यावर 'छ' आला. 'छ' हे व्यंजन या कामाला फार चांगले आहे. मोबाईलच्या छोट्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, तबल्याच्या डग्ग्याची घुमारी तिथे जवळजवळ नाहीशीच होते. पण च, छ, ट, त यांची धार तिथेही टिकते. सांधा स्पष्ट झाला. मात्र ओळीच्या पोटात 'उघड आला' जुळून 'उघडाला' होऊ लागले. मग 'उघड'च्या जागी 'काढ ना' घालून पाहिले, तर 'ना आला'चा 'नाला' झाला. ठाण्यात पावसाळ्यात नाल्याचे नाव निघाले की माणसांच्या मनात काय येते हे मला माहीत आहे. प्रेमाच्या ओळीत तो शब्द चुकूनही ऐकू येणे मला चालणारे नव्हते. अडचण 'आला'ची होती. पाऊस पुल्लिंगी आहे तोवर 'आला' सुटत नव्हता. पावसाची 'सर' केली आणि गाठ सुटली.

छत्री उघड, सर आली
अर्धी तुझी, अर्धी माझी
मिटू नको ना, थांब ना
सर गेली, फिरून आली

'पुन्हा' जाऊन 'फिरून' आले, कारण त्याच्या शेवटी 'न' आहे आणि 'न' पुढच्या 'आ'ला आपल्यात विरघळू देत नाही. पहिल्या ओळीच्या 'आली'नंतर दुसऱ्या ओळीचा 'अ' येतो, तिथे गाताना मध्ये हलकासा 'य' डोकावतो. पण दोन्ही शब्द शाबूत राहतात आणि कानाला खटकत नाही, म्हणून तो तसाच ठेवला.

लक्ष देऊन मोजणाऱ्याला पहिल्या आणि चौथ्या ओळीत नऊ अक्षरे दिसतील. इथे मी बराच काळ अडले होते. अष्टाक्षरी छंदात प्रत्येक अक्षर पुरते उच्चारायचे असते. 'सर' म्हणजे 'स' आणि 'र', दोन अक्षरे, दोन्ही लांबवून. आज घणसोलीच्या फलाटावर उभी असलेली मुलगी 'सर' हे एका झटक्यात म्हणते, शेवटचा 'अ' तिच्या तोंडून येतच नाही. 'उघड'मधला 'ड'ही तसाच हलन्त होतो. मी जुन्या उच्चाराने ओळ बसवली असती तर ती ओवीसारखी वाटली असती, गोड वाटली असती, पण ती त्या मुलीच्या तोंडची राहिली नसती. भाचीला मी ओळ नुसती वाचायला सांगितली, गायला नाही. तिने वाचली: छत्, री, उ, घड्, सर्, आ, ली. सात उच्चार. म्हणजे कागदावर एक अक्षर जास्त असले तरी तोंडात आठ मात्रांमध्ये एक जागा उरत होती. गाणे कागदावर नव्हे तर तोंडात मोजायचे, एवढे ठरले आणि पुढचे सगळे त्यावरून ठरत गेले.

उरलेल्या जागेचा उपयोग भाचीनेच दाखवला. तिच्याकडे खटका दाबला की उघडणारी छत्री आहे. 'छत्' आणि 'री' या पहिल्या दोन मात्रा, तिसऱ्या मात्रेत 'उ' आणि 'घड्' दोन्ही, आणि चौथी मात्रा पूर्ण रिकामी. ती 'घड्'वर खटका दाबते आणि चौथ्या मात्रेवर छत्री ताणून उघडते, त्या कापडाच्या फटकाऱ्यासह. गाणे सुरू झाल्यापासून साधारण १.४ सेकंदांनी हे घडते. संयोजकाने त्या मात्रेवरचे सगळे वाद्य काढून टाकले आणि तिथे छत्रीचाच खरा आवाज ठेवला. शब्द 'उघड' म्हणतो, मग शब्द गप्प राहतो आणि वस्तू उघडते. मी तिथे एखादे अक्षर कोंबले असते तर छत्री उघडलेली दिसली असती, पण जाणवली नसती. नंतर पाचव्या मात्रेवर 'सर्', तो सहाव्यावर लांबतो, आणि सातव्या-आठव्यावर 'आली'.

दुसरी ओळ याच्या नेमकी उलट. आठ मात्रा, आठ अक्षरे, एकेका मात्रेवर एकेक. पहिल्या ओळीने थोडे थांबवल्यावर इथे सरळ चालायला मिळते आणि ज्यांना गाणे येत नाही तेही या ओळीत सामील होतात. मला चारही ओळींमध्ये हीच सर्वांत कमी लिहिलेली आणि सर्वांत जास्त आवडती वाटते. ठाण्याच्या तलावपाळीवर मासुंदा तलावाच्या कठड्याशी पावसात एका छत्रीखाली उभी असलेली जोडपी कित्येक वर्षे पाहिली आहेत. दोघांचेही बाहेरच्या बाजूचे खांदे भिजलेले असतात आणि मधले दोन कोरडे. भाजलेल्या कणसाचा धूर पाण्यावरून सरकत असतो. ते सगळे एका ओळीत आणावे असे मला वाटत होते आणि खांदा, धूर, कणीस असे बरेच काही लिहून पाहिले. पावणेचार सेकंदांत एकच वस्तू मावते. तिथे छत्रीच राहिली, आणि तिचे दोन भाग.

तिसऱ्या ओळीत 'थांब' आहे. या शब्दाच्या शेवटी ओठ मिटतात. 'थांब्' म्हणून पाहिले तर कळते, की 'ब' झाल्यावर आवाजाला जायला वाट उरत नाही. तो पाचव्या मात्रेवर आहे आणि सहावी मात्रा आम्ही पूर्ण निःशब्द ठेवली. ताल नाही, सूर नाही, छत्रीही नाही. अखंड फिरणारे गाणे काही फेऱ्यांनंतर गुदमरवू लागते, आणि हे मी केवळ ऐकणाऱ्याबद्दल म्हणत नाही. श्वास घ्यायला कुठेच जागा नसलेला आवाज ऐकताना आपलाही श्वास नकळत अडतो. अर्ध्या सेकंदाहूनही कमी अशी ती शांतता संपूर्ण चक्राला मोकळे करते, आणि त्यानंतर येणारा 'ना' दोन मात्रा लांबतो तेव्हा त्यात थोडी विनवणी येते.

आणि मग सांधा.

चौथ्या ओळीत 'सर', 'गे', 'ली' या तीन मात्रा झाल्यावर चौथी मात्रा रिकामी आहे. तिथे छत्री मिटते आणि गाणारी श्वास घेते. पुढच्या चार मात्रा 'फि', 'रून्', 'आ', 'ली', आणि त्याच श्वासात, न तुटता, 'छत्री उघड'. म्हणजे श्वास सांध्यावर नाही. सांध्याच्या चार मात्रा अलीकडे आहे. वाक्यही सांध्यावर तुटत नाही, कारण 'फिरून आली, छत्री उघड' हे बोलण्यातले एकसंध वाक्य आहे. सुरांचेही तसेच केले. 'आली' षड्जावर, म्हणजे 'सा'वर, विसावली असती तर गाणे तिथे संपले असते. म्हणून तिला निषादावर, म्हणजे 'नी'वर, सोडले आणि 'छत्' षड्जावर ठेवला. निषादाला षड्जाची ओढ असते, ती पुढच्या फेरीतच शमते. श्वास, वाक्य आणि सूर या तिन्ही गोष्टी सांध्यावरून पलीकडे जातात, एकही तिथे थांबत नाही.

माझी आजी एकादशीला शेजारच्या बायकांबरोबर भजनाला बसायची. अभंगाचा चरण संपत आला की शेवटचे शब्द तोंडात असतानाच दुसऱ्या बाजूच्या बायका ध्रुवपद उचलायच्या, कधी ते मधूनच उचलायच्या, आणि दोन ओळी क्षणभर एकमेकींवर चढायच्या. लहानपणी मला वाटे, की त्यांना थांबायचा धीर नाही. आज वाटते, की ध्रुवपद संपू द्यायचे नाही हे त्या पंचवीस-तीस बायकांना कोणी न शिकवता ठाऊक होते, आणि त्यांच्यातल्या कोणाचाही श्वास संपला तरी भजनाचा श्वास संपत नसे. माझ्या गाण्यात गाणारी एकटी होती, म्हणून श्वासाची जागा शोधावी लागली.

ध्वनिमुद्रणात हे सगळे एका साध्या गोष्टीने बिघडू शकते. गाणारीने एकदा गायले आणि तो तुकडा कापून फिरवला, तर सुरुवातीचा 'छत्' नेहमी विश्रांतीनंतरचा असतो. त्यात नवा जोर असतो, आणि शेवटच्या 'ली'ची खोलीत रेंगाळणारी आस मध्येच कापली जाते. म्हणून गाणारीला सलग तीन फेऱ्या गायला लावल्या आणि मधली फेरी घेतली. मधल्या फेरीच्या पहिल्या शब्दाखाली आधीच्या फेरीची आस मिसळलेली असते आणि आवाज वाहता असतो. पहिल्या दिवशी संयोजकाने मला ऐकायला म्हणून त्याची एमपी३ फाईल पाठवली तेव्हा सांध्यावर बारीकसा गचका ऐकू आला. त्या प्रकारात फाईल लहान करताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता जोडली जाते आणि एरवी ती कोणाच्या लक्षातही येत नाही. वेव्ह फाईलमध्ये तो गचका नव्हता.

सतत फिरण्याचा शब्दांवर जो परिणाम होतो त्याचा विचार मला लिहिण्याच्या आधीपासून छळत होता. डायना डॉइच या मानसशास्त्रज्ञ १९९५ साली स्वतःच्या निवेदनाचे संपादन करत होत्या. त्यातला एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला, आणि थोड्या वेळाने त्यांना ते बोलणे न वाटता गाणे वाटू लागले. आवाजात काहीच बदललेले नव्हते. पुनरावृत्तीत शब्दाचा अर्थ मागे सरतो आणि नाद पुढे येतो. हे समजल्यावर मी ठरवले होते, की या चार ओळींत कोटी नको, अनपेक्षित वळण नको, उलगडून हसू येईल असे काही नको. असली गोष्ट पहिल्या फेरीला चमकते आणि तिसऱ्या फेरीला मरते. आज्ञा मात्र मरत नाही. 'उघड' म्हटले की काहीतरी उघडायचे असते, 'थांब' म्हटले की थांबायचे असते, आणि शरीर ते दर वेळी नव्याने करते. अर्थ विरला तरी कृती उरते, म्हणून चारांपैकी दोन ओळींत आज्ञार्थ आहे.

यात माझे एक दुःखही आहे आणि ते लपवावेसे वाटत नाही. ज्या शब्दावर मी आठवडाभर अडून बसते, तो शब्द ऐकणाऱ्याच्या कानात अर्थ म्हणून फार वेळ टिकणार नाही हे मला लिहितानाच माहीत असते. भावगीताच्या पिढीत वाढलेल्या माणसाला हे सोसायला जड जाते. पण 'फिरून'मधला 'न' कोणाच्या लक्षात आला नाही, तरी त्याने जे सांभाळायचे ते सांभाळले, यात मला निखळ समाधानही मिळते. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

पाऊस आणि छत्री या विषयावर लिहिताना आधीच कानात असलेल्या ओळी आपल्या म्हणून पुढे येतात, हा धोका मोठा असतो. मी प्रत्येक ओळ आईला वाचून दाखवली, कारण तिचा गाण्यांचा साठा माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. चाल संयोजकाने शब्दांशिवाय गुणगुणून तीन-चार वादकांना ऐकवली. भाचीच्या मैत्रिणींमध्ये एक समजूत पक्की होती, की दुसऱ्याच्या गाण्याचे काही सेकंद घेतले तर चालतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट नाही. तसेच उलट दिशेनेही आहे: चार ओळींच्या ध्रुवपदावर ते लिहिणाऱ्याचा हक्क असतो. आम्ही शब्द माझे, चाल त्याची आणि सादरीकरण मुलींचे, असे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. घरातल्या माणसांत असे करणे आईला परके वाटले. मला ते मायेचेच वाटते. नंतर कटुता येण्याची जागाच उरत नाही.

सांधा लपला की नाही हे ओळखण्याची रीत संयोजकाने सुचवली. गाणे आधी न ऐकलेल्या माणसाला ते मधूनच कुठेतरी सुरू करून पाच-सहा फेऱ्या ऐकवायचे आणि सुरुवात जिथे वाटते तिथे टेबलावर टिचकी मारायला सांगायचे. सगळ्यांची टिचकी 'छत्री'वरच पडली तर सांधा उघडा आहे. आईने 'अर्धी तुझी'वर टिचकी मारली. भाचीच्या एका मैत्रिणीने 'सर गेली'वर मारली आणि ती ठाम होती, की गाणे तिथूनच सुरू होते. त्याच वेळी उलटी परीक्षाही घ्यावी लागते, कारण व्हिडिओ पहिल्यांदा समोर येणाऱ्याला 'छत्री' हाच पहिला शब्द ऐकू येतो आणि त्याला ते अर्धवट पकडलेले वाटता कामा नये. राहणाऱ्याला उंबरा जाणवू नये, पण नव्याने येणाऱ्याला तो हवा, अशा दोन मागण्या त्या एकाच अक्षराकडे असतात. 'छत्'वर सम आहे, षड्ज आहे आणि धारदार व्यंजन आहे, म्हणून नव्याला तो पुरतो. फिरणाऱ्याला तो मागच्या वाक्याचा पुढचा शब्द वाटतो.

आता आईने विचारले आहे, की पुढचे कडवे कुठे आहे. तिला गाणे असे अधांतरी राहिलेले आवडत नाही. मी अंतरा लिहायला घेतला आहे, तोही १२८ च्या लयीत आणि आठ-आठ मात्रांच्या ओळींत. पण 'सर गेली, फिरून आली' ही ओळ आजवर फक्त 'छत्री उघड'मध्ये पडायला शिकली आहे. तिच्यातून दुसरीकडे कुठे बाहेर पडता येते ते अजून सापडलेले नाही. निषादावर सोडलेली 'आली' दर वेळी षड्जाकडेच जाते. बहुधा अंतऱ्याची सुरुवात चौथ्या ओळीच्या मधून, त्या श्वासाच्या रिकाम्या मात्रेवरूनच करावी लागेल, म्हणजे 'सर गेली' इथे छत्री मिटेल आणि या वेळी ती काही ओळी मिटलेलीच राहील.